खात्यात पैसे असूनही ॲपच्या सबस्क्रिप्शनला कार्ड नाकारलं जातंय

चित्रकथी

मी व्हिडिओ एडिटिंगचं एक ॲप वापरतो. फुकटातल्या आवृत्तीत व्हिडिओवर त्यांचा शिक्का येतो, म्हणून महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्यायचं ठरवलं. त्यांच्या वेबसाइटवर किंमत सरळ रुपयांत दिसते, महिना ७९८. डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, सीव्हीव्ही सगळं टाकलं की क्षणभर चक्र फिरतं आणि "Your card was declined" येतं. ओटीपी मागतच नाही.

खात्यात १८ हजारांच्या वर शिल्लक आहे. याच कार्डाने काल किराणा मागवला, विजेचं बिल भरलं, सगळं व्यवस्थित झालं. म्हणजे ऑनलाइन चालू आहे. ॲपवाल्यांना मेल केली तर त्यांचं उत्तर, "तुमच्या बँकेशी संपर्क साधा." बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडून काही अडचण नाही, ॲपवाल्यांना विचारा." आता विचारायचं कोणाला?

बोरकूट

केवायसी बघा. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं, केवायसीची मुदत संपली होती आणि कार्ड चालेना.

चित्रकथी

केवायसी थकलं असतं तर किराणाही आला नसता ना?

बोरकूट

तेही खरंच. मग इंटरनॅशनल चालू करा. हे ॲपवाले सगळे बाहेरचे असतात.

खातेवही

बोरकूट म्हणतात ते असू शकतं, पण अंदाजावर बटणं दाबत बसू नका. मी बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी चार गोष्टी विचारतो. कार्ड रुपे आहे, व्हिसा की मास्टरकार्ड? पैसे प्ले स्टोअरमधून भरताय की थेट ॲपच्या वेबसाइटवर? कार्ड अलीकडे बदलून मिळालंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कार्ड नाकारलं गेलं त्याच वेळी बँकेकडून एसएमएस आला असेल, तो शब्दशः काय आहे? लोक ॲपच्या पडद्यावरचं वाक्य वाचतात आणि बँकेचा मेसेज जाहिरातींच्या ढिगात राहून जातो. ॲपला नकाराचं खरं कारण बहुतेक वेळा कळतच नाही, ते फक्त "नाही" एवढंच दाखवतं. कारण बँकेकडे असतं.

चित्रकथी

व्हिसा आहे. वेबसाइटवरूनच भरतोय. कार्ड गेल्या महिन्यात नवीन आलं, जुन्याची मुदत संपली होती. आणि मेसेज खरंच होता:

"Txn of INR 798.00 declined as International usage is disabled on your Debit Card."

पण व्यवहार तर रुपयांत आहे! मेसेजमध्येसुद्धा INR लिहिलंय. इंटरनॅशनल कुठून आलं? शिवाय जुन्या कार्डाने मी मागच्या वर्षी एका परदेशी साइटवर फॉन्ट विकत घेतले होते, तेव्हा काही झालं नव्हतं.

खातेवही

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पहिलं रुपयांचं. व्यवहार देशी की परदेशी हे चलनावरून ठरत नाही. पैसे घेणाऱ्याचं खातं कोणत्या देशातल्या बँकेकडे आहे, त्यावरून ठरतं. ॲपवाल्यांनी भारतातल्या गिऱ्हाइकाला सोपं पडावं म्हणून किंमत रुपयांत लावली, पण त्यांच्या वतीने कार्ड घेणारी बँक आयर्लंडमध्ये किंवा सिंगापूरमध्ये असेल, तर तुमच्या बँकेकडे येणाऱ्या विनंतीत देशाचा कोड तिथला असतो. तुमची बँक तो कोड बघते आणि परदेशी व्यवहार बंद असेल तर तिथेच अडवते. ओटीपीचं पान येईपर्यंत गोष्ट गेलीच नाही. परदेशी व्यापाऱ्याला ओटीपी मागणं बंधनकारक नसतं, त्यामुळे ओटीपी न आल्याचं आश्चर्यही वाटून घेऊ नका.

दुसरं जुन्या कार्डाचं. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० ला एक परिपत्रक काढलं आणि ते त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लागू झालं. त्यानुसार नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून पैसे देणं, या तिन्ही गोष्टी ग्राहकाने स्वतः सुरू करायच्या. तुमच्या जुन्या कार्डावर परदेशी वापर सुरू होता. नवीन कार्ड आल्यावर पाटी कोरी झाली. ऑनलाइन तुम्ही किंवा घरच्या कोणी चालू केलं असणार, म्हणून किराणा आला.

चित्रकथी

बरोबर. कार्ड आलं तेव्हा एटीएमवर पिन ठेवताना मेनूमध्ये "ऑनलाइन वापर" असं काहीतरी होतं, ते हो केलं होतं. परदेशीचं विचारलं असेल तर मी नाही म्हटलं असणार, परदेशात जायचं नव्हतं म्हणून!

रानजाई

हा घोळ माझ्या आईच्याही बाबतीत झाला. तिला "इंटरनॅशनल" म्हणजे विमानात बसून जाणं वाटतं. तिने ठामपणे बंद ठेवलं होतं आणि मग योगासनांच्या ॲपचे पैसे जाईनात.

मस्कतचा_मालवणी

माझं पण असंच. मी मस्कतला असतो, भारतातलं एनआरओ खात्याचं डेबिट कार्ड इथल्या साइटवर चालत नाही. ॲपमध्ये इंटरनॅशनलचं बटणच दिसत नाही. काय करू?

खातेवही

मालवणी, तुमचं प्रकरण वेगळं. एनआरओ खात्याचं डेबिट कार्ड बऱ्याच बँका फक्त भारतातल्या वापरासाठीच देतात, म्हणून बटण दिसत नसेल. तिथे शोधत बसण्यात अर्थ नाही. एनआरई खात्याच्या कार्डाबद्दल बँकेला विचारा. या धाग्यात त्यावर जास्त लिहीत नाही, मूळ प्रश्न बाजूला पडेल.

चित्रकथी, आता बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या वापराचं पान उघडा. कुठे "मॅनेज कार्ड" म्हणतात, कुठे "कार्ड कंट्रोल". तिथे देशी आणि परदेशी असे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागात एटीएम, दुकान, ऑनलाइन वेगवेगळं असतं. तुम्हाला परदेशी भागातलं फक्त ऑनलाइन हवं आहे. परदेशी एटीएम आणि परदेशी दुकान बंदच राहू द्या. ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांना हेच नेट बँकिंगवरून किंवा एटीएमवरून करता येतं.

चित्रकथी

केलं. परदेशीचं मुख्य बटण हिरवं झालं, त्याखालचं ऑनलाइनही हिरवं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच!! आता मेसेज वेगळा आहे:

"Txn declined as amount exceeds the limit set on your card."

७९८ रुपये कसली मर्यादा ओलांडतात?

बोरकूट

बँकेचा सर्व्हर. २४ तास थांबा, आपोआप होईल.

खातेवही

थांबून होणार नाही. मेसेज बदलला ही चांगली खूण आहे. पहिलं दार उघडलं, तुम्ही दुसऱ्याशी अडला आहात. त्याच पानावर परदेशी ऑनलाइनपुढे रोजच्या मर्यादेची पट्टी किंवा रक्कम असेल. काही बँकांच्या ॲपमध्ये बटण चालू केलं तरी ती शून्यावरच राहते. शून्यापेक्षा ७९८ जास्त, म्हणून मर्यादा ओलांडली. तिथे २,००० टाका आणि सेव्ह करायला विसरू नका. सेव्हसाठी पिन किंवा ओटीपी मागतील.

तोपर्यंत सारखा सारखा प्रयत्न करू नका. थोड्या वेळात बरेच नकार झाले की बँकेची फसवणूक पकडणारी यंत्रणा कार्डच काही काळ अडवते, आणि मग नकाराचं खरं कारण कुठलं हे सांगणं अवघड होतं.

पाटकरीण

खातेवहीकाका, कस्टमर केअरला फोन केला तर ते खरं कारण सांगतात का? मला नेहमी "तांत्रिक अडचण" एवढंच ऐकायला मिळतं.

खातेवही

विचारायची पद्धत बदला. "माझा व्यवहार का झाला नाही" असं विचारलं की ठरीव उत्तर येतं. "या तारखेच्या, या रकमेच्या नकाराचा रिस्पॉन्स कोड काय आहे" असं विचारा. तो त्यांच्या पडद्यावर दिसतो. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली किंवा तारीख चुकीची टाकलेली. ५७ म्हणजे या कार्डाला असा व्यवहार करायची मुभाच नाही, चित्रकथींचा पहिला नकार या जातीचा. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा, त्यांचा दुसरा. ०५ आला तर मात्र पंचाईत, कारण त्यातून काहीच कळत नाही, बँकेने "देत नाही" एवढंच म्हटलेलं असतं. तेव्हा तक्रार नोंदवून नंबर घ्या.

चित्रकथी

झालं! मर्यादा २,००० केली, या वेळी बँकेचं पान उघडलं, ओटीपी आला आणि सबस्क्रिप्शन सुरू झालं. मनापासून आभार, काका. पण त्या पानावर ७९८ च्या खाली "दर महिन्याला, कमाल रक्कम २,०००, अमुक तारखेपर्यंत" असंही काहीतरी होतं. मी हो म्हटलं. हे काय आहे? माझी मर्यादा २,००० आहे म्हणून ते आलं का?

खातेवही

नाही, तो योगायोग. ते मँडेट आहे, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायची तुम्ही ॲपवाल्यांना दिलेली परवानगी. कमाल रक्कम ॲपवाल्यांनी ठरवलेली असते, पुढे भाव वाढला तरी मँडेट चालावं म्हणून ती जरा वर ठेवतात. म्हणूनच या वेळी ओटीपी आला. पहिल्यांदा मँडेट नोंदवताना आपल्याकडे ओटीपी लागतोच. पुढच्या महिन्यांत १५,००० पर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय जाईल, पण पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवलं पाहिजे. त्या मेसेजमध्ये रक्कम, तारीख आणि ॲपवाल्यांचं नाव असतं, आणि तेवढा एक हप्ता किंवा सगळं मँडेट रद्द करायची सोयही असते.

सदाफुली

माझी पण मदत करा ना. माझ्या खात्यातून ॲपचे ३९९ कापले गेले पण ॲप अजून फ्री प्लॅनच दाखवतंय. इंटरनॅशनल चालू करू का?

खातेवही

सदाफुली, तुमचं उलटं आहे. तुमचं कार्ड नाकारलं गेलेलं नाही, पैसे गेले आहेत. काही चालू करायची गरज नाही. भारतातलाच व्यवहार असेल आणि व्यापाऱ्याकडून पुष्टी आली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्यानंतर उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. आधी ॲपमध्ये तुम्ही ज्या मेल आयडीने पैसे भरले त्याच आयडीने लॉगिन आहात का ते बघा.

सदाफुली

अरे देवा, नवऱ्याच्या आयडीने लॉगिन होतं. त्याच्या फोनवर प्रीमियम आलंय 😄

झणझणीत

एवढा खटाटोप कशाला? तेच ॲप प्ले स्टोअरमधून घ्या आणि यूपीआय ऑटोपे लावा. कार्ड नको, परदेशी बटण नको. मी दोन ॲपांचे पैसे असेच देतो.

पाटकरीण

सगळी ॲपं प्ले स्टोअरवर तोच प्लॅन देत नाहीत. काहींची किंमत तिथे जास्त असते, काहींचा कॉम्प्युटरवरचा प्लॅन तिथे मिळतच नाही. आणि आयफोनवाल्यांचं वेगळंच. ॲपलने २०२२ मध्ये आपल्याकडची कार्डं घेणं थांबवलं, तेव्हापासून मी यूपीआयने ॲपल खात्यात पैसे भरून ठेवते आणि त्यातून कापले जातात. कार्डाचं काय करायचं हा प्रश्नच मिटला.

झणझणीत

रुपे कार्ड घेतलं असतं तर ही भानगडच नव्हती.

खातेवही

उलट वाढली असती. अनेक परदेशी साइट फक्त व्हिसा, मास्टरकार्ड घेतात, तिथे रुपेचा नंबर टाकताच "कार्ड चुकीचं" असं येतं. ती विनंती बँकेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून एसएमएसही येत नाही. नकार आला पण मेसेज नाही, असं झालं की आधी नेटवर्कचा संशय घ्या. यूपीआय ऑटोपेचं मात्र मान्य, जिथे मिळतं तिथे तो सोपा मार्ग आहे.

रानजाई

मला भीती वेगळीच वाटते. परदेशी ऑनलाइन उघडं ठेवायचं म्हणजे ओटीपीशिवाय कोणीही कार्ड वापरू शकतं ना? मग पैसे भरून झाले की बंद करावं का?

खातेवही

भीती रास्त आहे. कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही चोरीला गेला तर परदेशी साइटवर ओटीपीशिवाय व्यवहार होऊ शकतो. म्हणून मर्यादा सबस्क्रिप्शनपुरती ठेवायची. नकळत काही गेलंच तर मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल तर तेवढ्या मुदतीत कळवणाऱ्यावर भार पडत नाही. पण बंद करण्याबाबत मी सांगेन की करू नका. पुढच्या महिन्याचा हप्ता येतो तोही परदेशी व्यवहारच असतो, आणि बटण बंद असेल तर तो पडतो.

पाटकरीण

इथे मी असहमत. माझ्या क्रेडिट कार्डावर परदेशी ऑनलाइन बंद आहे आणि मँडेट लावलेल्या एका ॲपचे पैसे तरीही दर महिन्याला जातात. मी मुद्दाम तपासलंय.

ताम्हण

माझं डेबिट कार्ड, बटण बंद केलं आणि दुसऱ्याच महिन्यात हप्ता परत गेला. बँक वेगळी असेल तुमची.

खातेवही

दोन्ही होऊ शकतं. मँडेटची तपासणी आधी करायची की बटणाची, हे प्रत्येक बँकेच्या यंत्रणेत वेगळं बसवलेलं असतं. पाटकरीण, तुमच्या ॲपचे पैसे घेणारी कंपनी भारतातलीच नाही ना, हेही एकदा स्टेटमेंटवर बघा.

पाटकरीण

स्टेटमेंटवर नावापुढे गुरगाव आहे. पण ॲप तर अमेरिकेतलं आहे.

खातेवही

मग तो देशी व्यवहार आहे. त्यांची भारतात कंपनी आहे, पैसे इथेच जमा होतात. बटणाचा संबंधच येत नाही.

पाटकरीण

तुमच्या एका वाक्याने माझा महिन्यांचा अभिमान गेला 🙂 तरीही दुसरं एक कार्ड आहे त्यावर बघून सांगते.

चित्रकथी

अजून एक विचित्र गोष्ट. सबस्क्रिप्शनचे ७९८ गेले आणि नंतर खात्यातून आणखी ३२ रुपये ९६ पैसे गेले. ॲपवाल्यांनी कापले का?

खातेवही

नाही, ते तुमच्या बँकेचे. परदेशी व्यवहारावर बँक आपला आकार लावते. तुमच्या बँकेचा साडेतीन टक्के दिसतो. ७९८ वर २७ रुपये ९३ पैसे, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी ५ रुपये ३ पैसे. बेरीज बरोबर ३२.९६. व्यवहार रुपयांत असला तरी व्यापारी परदेशी असल्यामुळे अनेक बँका काही ना काही लावतात. दर बँकेगणिक आणि कार्डागणिक वेगळा असतो, दरपत्रकात मिळेल. म्हणजे तुमचं सबस्क्रिप्शन महिन्याला ७९८ चं नसून जवळजवळ ८३१ चं आहे.

झणझणीत

बघा, म्हणून म्हणत होतो यूपीआय.

चित्रकथी

प्ले स्टोअरवर हेच ८९९ ला आहे 😐 त्यामुळे इथेच बरं.

ताम्हण

एक राहिलं. ॲप नको झालं तर फक्त बँकेतलं मँडेट रद्द करून थांबू नका. मी तसं केलं होतं. पैसे कापले गेले नाहीत, पण ॲपच्या लेखी सबस्क्रिप्शन चालूच होतं, मग "थकबाकी" म्हणून मेलवर मेल. आधी ॲपमध्ये रद्द करा, मग मँडेट.

बोरकूट

मी वर्षाचा प्लॅन घ्यायचा विचार करतोय, १७,५०० चा, वर्षाला सूट आहे. परदेशी ऑनलाइनची मर्यादा २०,००० केली की झालं ना?

खातेवही

या वर्षीचं होईल, ओटीपी देऊन. पुढच्या वर्षीचं आपोआप होईलच असं नाही. रक्कम १५,००० च्या वर असली की दर वेळी ओटीपी लागतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही पडद्यासमोर नसता. काही बँका आधी लिंक पाठवून मंजुरी घेतात, काही ठिकाणी हप्ता सरळ परत जातो. महिन्याचा प्लॅन घेतलात तर सूट जाईल. वर्षाचा घेतलात तर पुढच्या वर्षी त्या तारखेच्या आसपास स्वतः लॉगिन करून भरायची तयारी ठेवा. आणि १७,५०० वर तुमच्या बँकेचा आकार किती, ते सूट मोजण्याआधी बघा.

बोरकूट

साडेतीन टक्के आणि जीएसटी धरला तर ७२३ रुपये होतात. सूटच साधारण तेवढी आहे. मग महिन्याचा घेऊ का?

झणझणीत

महिन्याच्यावरही तोच आकार लागेल हो.

पाटकरीण

दुसऱ्या कार्डावर बघितलं. हे कार्ड खरंच परदेशी कंपनीला लावलेलं आहे, स्टेटमेंटवर डब्लिन आहे. बटण बंद केलंय. पुढचा हप्ता २१ तारखेला आहे, काय होतं ते इथे लिहीन.